घाटी चढताना एक मेल गेला, एक आला

प्रश्न: मी आज सकाळी कंपनीला ‘माझ्या अर्जाचं पुढे काय झालं?’ असा मेल केला आणि अर्ध्या तासात नकार आला. मी विचारलं म्हणूनच नाकारलं का? आता उत्तर द्यावं की गप्प बसावं?

उत्तर:

विचारल्यामुळे नाकारलं असण्याची शक्यता फारच कमी आहे, आणि तुमच्या बाबतीत काय झालं ते बऱ्याच अंशी तुम्हाला स्वतःला तपासता येईल. उत्तर जरूर द्या, पण आज नको, उद्या द्या. माझ्यावर हीच वेळ आली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मत्स्यशास्त्राची पदवीधर. घर रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगडच्या बाजूला, खाडीलगतच्या वाडीत. गेल्या वर्षी जुलैमध्ये मासळीवर प्रक्रिया करून निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी मुलाखत दिली. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि १ ऑगस्टपासून हंगाम सुरू होतो. त्यामुळे या कारखान्यांना प्रयोगशाळेतली माणसं जुलैतच भरून घ्यावी लागतात. मुलाखत १० जुलैला, गुरुवारी झाली. निघताना तिथल्या एचआर मॅडम म्हणाल्या, “आठवडाभरात कळवतो.”

आठवडा गेला, काही आलं नाही. शनिवार-रविवार मी कसाबसा काढला. सोमवारी, २१ तारखेला सकाळी मेल लिहून काढला. मुलाखतीबद्दल आभार मानले, अजूनही इच्छा आहे हे सांगितलं आणि निर्णय कधी अपेक्षित आहे ते विचारलं. लिहायला तासभर लागला. सव्वाअकराच्या सुमारास पाठवायचं बटण दाबलं. पण आमची वाडी खोलात आहे, वरच्या सड्यावर गेल्याशिवाय रेंज धड लागत नाही, आणि पावसात वीज गेली की उरलीसुरलीही जाते. मेल आऊटबॉक्समध्येच बसून राहिला.

आईला रत्नागिरीत डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून आम्ही एसटी धरली. गाडी घाटी चढून सड्यावर आली आणि रेंज आली. आऊटबॉक्समधला मेल गेलेला मी डोळ्यांनी बघितला. त्याच मिनिटाला त्याच कंपनीचा मेल येऊन पडला. ११ वाजून ४१ मिनिटं झाली होती. “आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे.” आई म्हणाली, “काय गो, काय झालं?” मला बोलता येईना. डोक्यात एकच होतं की मी घाई केली, मागे लागले, म्हणून त्यांनी वैतागून नाव कापलं. रत्नागिरी येईपर्यंत मी मनातल्या मनात माझा मेल पन्नास वेळा वाचला आणि प्रत्येक वाक्यात चूक सापडत गेली.

दोन दिवसांनी तो मेल कॉम्प्युटरवर नीट उघडला तेव्हा खरी गोष्ट समजली. हे तुम्हीही करू शकता. जीमेल कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा. नकाराच्या मेलच्या उजवीकडे तीन ठिपके आहेत, त्यातून `Show original` निवडा. मेलच्या पाठीमागचा सगळा मजकूर दिसेल. माझ्या मेलमध्ये कामाची ओळ अशी होती:

```
Date: Mon, 21 Jul 2025 06:02:14 +0000
```

शेवटचं `+0000` म्हणजे ही वेळ आपली नाही. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे ११ वाजून ३२ मिनिटं. माझा मेल सड्यावर पोचून निघाला ११:४१ ला. नकार त्याआधी नऊ मिनिटं निघाला होता. मी बटण सव्वाअकराला दाबलं होतं, म्हणून मनाने हिशेब केला की आधी माझा प्रश्न, मग त्यांचं उत्तर. प्रत्यक्षात माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत गेलेलाच नव्हता.

तुमच्याकडे रेंज नीट असेल आणि नकार खरोखर तुमच्या मेलनंतर निघाला असेल, तर वेळेवरून काहीच ठरत नाही. तेव्हा त्याच पानावर आणखी एक ओळ शोधा, `In-Reply-To`. कोणी तुमच्या मेलला ‘रिप्लाय’ करून लिहिलं तर तिथे तुमच्या मेलचा ओळख-क्रमांक येतो, आणि सहसा विषयाच्या आधी `Re:` लागतं. ती ओळ नसेल, पाठवणारा पत्ता `no-reply` सारखा असेल आणि मजकुरात तुमच्या विचारणेचा साधा उल्लेखही नसेल, तर ते सगळ्यांना एकदम गेलेलं पत्र समजा. अगदी शंभर टक्के पुरावा हा नव्हे, कारण तुमचा मेल वाचून एखादी व्यक्ती नवा कोरा मेलही लिहू शकते. शिवाय भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये नकार काही तास किंवा दिवस पुढे ढकलून ठेवता येतात, आणि `Date` मध्ये सहसा मेल निघाल्याची वेळ दिसते, ठरवल्याची नाही. म्हणजे नकार तुमच्या मेलनंतर निघाला तरी निर्णय कधीचा झालेला असू शकतो.

आणि ती ओळ सापडली तर? तरी घाबरू नका. तुमचा मेल बघून त्यांनी तुमची फाइल उघडली, कळवायचं राहून गेलंय हे लक्षात आलं आणि लगेच कळवलं, असं पुष्कळदा होतं. तुमच्या विचारण्याने पत्र लवकर आलं, इतकंच. ज्या उमेदवाराला घ्यायचं ठरलंय, त्याला एका सभ्य विचारणेसाठी कोणी सोडत नाही. आठ-दहा दिवस राबून माणूस निवडलेला असतो.

मग ते मधले दिवस शांतता का असते? हे मला नंतर त्याच मॅडमनी फोनवर सांगितलं. मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, त्यांची यादी ठरली होती. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला १२ तारखेला ऑफर गेली. त्याने आधीच्या ठिकाणी बोलायला वेळ मागितला आणि होकार दिला १९ ला, शनिवारी. तोपर्यंत बाकीच्यांना नकार पाठवायचा नाही अशी त्यांची रीत होती, कारण त्याने नाही म्हटलं असतं तर पुढच्या माणसाला बोलवावं लागलं असतं. सोमवारी कामाला बसल्यावर मॅडमनी उरलेल्या सहा नावांवर खूण केली आणि एकच मजकूर सगळ्यांना पाठवला. माझं नाव दुसरं होतं. ज्या आठवड्यात मला वाटत होतं की हे मला विसरले, त्याच आठवड्यात त्यांनी मला राखून ठेवलं होतं.

त्या सोमवारी सकाळीच माझा मेल निघावा यालाही कारण आहे. शनिवार-रविवार काढून सोमवारी धीर सुटतो, आणि ऑफिसंही साठलेली कामं सोमवारी सकाळीच उरकतात. त्यामुळे विचारणा आणि नकार एकाच तासात एकमेकांना ओलांडून जाणं वाटतं तितकं विलक्षण नाही.

आता उत्तराचं. एसटीतच मी एक मेल लिहायला घेतला होता, “माझ्या विचारण्यामुळे गैरसमज झाला असल्यास माफी असावी.” तो पाठवला नाही याचा मला आजही आनंद आहे. माफी मागितली की समोरच्याला आपण काहीतरी चुकल्याचं प्रथमच सुचतं. दुसरं म्हणजे काहीच न लिहिणंही बरं नाही, कारण तुमचा विचारणेचा मेल त्यांच्या इनबॉक्समध्ये उत्तराविना पडलेला असतो आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न त्यांच्यावर राहतो. तो तुम्ही सोडवून टाका. मी दुसऱ्या दिवशी सकाळी, नकार ज्या पत्त्यावरून आला तिथे नव्हे, तर मुलाखतीचं बोलावणं पाठवणाऱ्या मॅडमच्या पत्त्यावर लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत साधारण असं:

“कालचा माझा मेल आणि तुमचं पत्र बहुधा एकाच वेळी निघाले. निर्णय समजला, त्यामुळे माझ्या मेलला वेगळ्या उत्तराची गरज नाही. कळवल्याबद्दल आभार. मी कुठे कमी पडले ते एखाद्या ओळीत सांगता आलं तर मला उपयोग होईल. शक्य नसलं तरी हरकत नाही. हंगामात पुन्हा जागा निघाल्यास माझा विचार करावा.”

एवढंच. फेरविचाराची विनंती नाही, निवडलेल्या मुलाबद्दल शब्द नाही. चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्यांना माझा विचारणेचा मेल धड आठवतही नव्हता. नकार पाठवून झाल्यावर तो दिसला आणि “अरेरे, वेळ चुकली” असं वाटलं, म्हणाल्या. कमी कुठे पडले तेही सांगितलं. मुलाखतीत बांगड्याचा प्रश्न होता. बांगडा नीट थंड ठेवला नाही तर त्यात हिस्टामिन नावाचा अपायकारक पदार्थ तयार होतो, म्हणून युरोपला जाणाऱ्या मालाची त्यासाठी तपासणी करतात. एका लॉटमधून किती नमुने घ्यायचे, असं विचारलं होतं. उत्तर नऊ आहे. हिस्टामिनची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी, जास्तीत जास्त दोन नमुने १०० ते २०० च्या मध्ये चालतात आणि एकही २०० च्या वर नको. मी पाच सांगितलं होतं. निवडलेला मुलगा ही चाचणी दोन हंगाम स्वतः हाताने करत होता.

म्हणजे मी ज्या मेलवर दोन रात्री रडले त्याचा यात काही संबंध नव्हता. नऊच्या जागी पाच म्हटलं, ते १० तारखेलाच.

मला त्या कारखान्यातून पुन्हा बोलावणं आलं नाही. मी दुसऱ्या ठिकाणी प्रशिक्षणार्थी म्हणून लागले आणि हिस्टामिनची चाचणी आता मीच करते. पुढच्या मुलाखतींत एक गोष्ट बदलली. उठण्याआधीच विचारते, “कोणत्या तारखेपर्यंत कळेल, आणि नाही कळलं तर मी कोणाला विचारू?” मिळालेल्या तारखेवर कामाचे तीन दिवस जाऊ देते आणि मग एकदाच लिहिते.

तुम्ही आज रात्री कॉम्प्युटर मिळाला तर `Show original` उघडून `Date` आणि `In-Reply-To` एवढ्या दोन ओळी बघा, आणि काय दिसतं ते इथे खाली लिहा. मेलमधली नावं आणि पत्ते मात्र इथे टाकू नका. उद्याच्या मेलचा मसुदा लिहिलात तर मी वाचून देईन.