"डॉख" म्हणजे आपलं "शे ना"

"ताई, मी अमळनेरकडची. जर्मनीत नर्स म्हणून लागून चार महिने झाले. उद्या सकाळची ड्युटी आहे का दुपारची, एवढंच सिनियर बाईला मेसेज करून विचारलं, तर तिनं एका ओळीत असं काही लिहिलं की ती चिडली, मस्करी केली, का तिकडे असंच बोलतात तेच कळेना. रात्रभर झोप नाही. कसं ओळखायचं?"

(तिला विचारून, ओळख पटेल असं सगळं काढून लिहितेय.)

व्हिडिओ कॉलवर बसलो तेव्हा तिच्याकडे रात्रीचे साडेआठ आणि माझ्याकडे जळगावात बारा. पहिली पंधरा मिनिटं ती मला मेसेज दाखवायलाच तयार नव्हती, अर्थच सांगत होती. "ती म्हणाली तुला एवढं पण कळत नाही का." मी म्हटलं अगं हे तिनं लिहिलंय का तू? तर लिहिलेलं होतं फक्त "श्टेट डॉख इम डीन्स्टप्लान" आणि पुढे पूर्णविराम. चार शब्द. अ‍ॅपमध्ये टाकल्यावर आलं होतं "ते ड्युटीच्या तक्त्यात आहे". आता या मराठी वाक्यात राग कुठेच नाही, पण पोरीला काहीतरी टोचलं होतं हे नक्की, आणि माझ्या मते तिचा कान बरोबरच होता, फक्त टोचलेलं केवढं होतं ते मोजायला तिच्याकडे माप नव्हतं. म्हणून तिनं सहा जणांना स्क्रीनशॉट पाठवला आणि सहा उत्तरं आली, कोणी म्हणे रागावली, कोणी म्हणे जर्मन लोक असलेच, एक तर म्हणे नोकरी सांभाळ. त्यातलं कोणीच त्या बाईला ओळखत नव्हतं.

मला जर्मन येत नाही. माझी एक मैत्रीण इथे जर्मन शिकवते, तिला मी नाव-गाव न सांगता फक्त ते वाक्य विचारलं. ती म्हणाली सगळी भानगड "डॉख" मध्ये आहे आणि अ‍ॅपनं नेमका तोच गिळला. डॉख काढला तर उरतं "तक्त्यात आहे", म्हणजे कोरडी माहिती. डॉख घातला की होतं "तक्त्यात आहे की". हे ऐकलं आणि मला हसूच आलं, कारण आपल्या अहिराणीत तर हे रोजचं आहे. आई विचारते डबा कुठे ठेवला, आणि आपण म्हणतो "तठेच शे ना", म्हणजे तिथेच आहे ना. त्या "ना" मध्ये राग नसतो, पण "तुला माहिती असायला पाहिजे होतं" एवढा छोटासा चिमटा असतोच. तेवढाच त्या डॉखमध्ये होता. म्हणजे मस्करी नाही, अगदी कोरडंही नाही, रुपयातले चार आणे वैताग.

मग मी तिला म्हटलं आता बाकीचे बारा आणे बघू, ते त्या ओळीत सापडणार नाहीत, आजूबाजूला सापडतील. पूर्णविरामानं ती फार घाबरली होती, कारण आपल्याकडची पोरं चॅटमध्ये पूर्णविराम देतच नाहीत आणि दिला तर भांडण समजायचं. पण वॉर्डच्या ग्रुपवर त्याच बाईचे जुने मेसेज वर सरकवून बघितले तर ती सगळीकडेच पूर्णविराम देते, कोणी आजारी पडलं तर "लवकर बरी हो" च्या पुढेसुद्धा. बाई पन्नाशीच्या पुढची, शाळेत शिकली तसं लिहिते. म्हणजे तिच्या बाबतीत पूर्णविरामाला काही अर्थ नाही, उलट एखाद्या दिवशी ती तो द्यायची विसरली तर तेव्हा विचार करायचा. नमस्कार-चमत्कार नाही याचंही तेच, ग्रुपवर ती डॉक्टरांनासुद्धा एका ओळीतच उत्तर देते.

आणि ज्याच्याकडे पोरीचं लक्षच गेलं नव्हतं ती गोष्ट म्हणजे त्या ओळीच्या खाली दोन मिनिटांनी एक फोटो आला होता. तक्त्याचा. तिच्या नावासमोर पेनानं गोल केलेला. आता चिडलेलं माणूस उठून भिंतीवरच्या कागदाचा फोटो काढून गोल करून पाठवतं का? पाठवेलही म्हणा, माझी सासू पाठवेल. पण बहुतेक नाही.

खरी रागाची खूण कशी असते तेही मैत्रिणीला विचारून घेतलं, कारण नुसतं "काही नसतं गं" म्हणून चालत नाही. रोज "डू" म्हणजे तू म्हणणारी बाई अचानक "झी" म्हणजे तुम्ही वर आली तर ती मुद्दाम लांब सरकली असं धरायचं. किंवा वाक्य "बिटं" नं म्हणजे कृपयानं सुरू होऊन "यापुढे आधी तक्ता बघावा" अशा सूचनाफलकाच्या भाषेत आलं तर ते बोलणं नाही, ती ताकीद. आपल्याला कृपया म्हटलं की बरं वाटतं, इथे उलटं आहे. आणि त्याच सूचनेत "माल" हा बारका शब्द आला, "शाउ माल", तर ते "बघ जरा" एवढं मऊ होतं. आमच्या मेसेजमध्ये झी नव्हतं, बिटं नव्हतं.

नंतर पोरीनं तीन मोठाले सॉरी पाठवले होते, त्यावर बाईचं उत्तर "पास्ट शोन". पुन्हा दोनच शब्द, पुन्हा रडारड. त्याचा अर्थ "असू दे गं". तिसऱ्या दिवशी आलं "डू फ्राग्स्ट आबर फील", त्यापुढे हसरा चेहरा. अ‍ॅप म्हणे "पण तू खूप विचारतेस", आणि त्या "पण" नं पोरगी गारठली. इथला आबर म्हणजे पण नाहीच, तो नवल वाटल्याचा सूर आहे, "कितलं विचारस वं तू!" हसरा चेहरा नसता तर मी थोडी थांबले असते, कारण लिहिलेल्यात सूर ऐकू येत नाही आणि हेच वाक्य कंटाळूनही म्हणता येतं. त्या बाईनं ग्रुपवर हसरा चेहरा एरवी फक्त एकदा टाकला होता, कोणाच्यातरी वाढदिवसाला. म्हणून ही मस्करी धरली.

राहिला तो चार आण्याचा वैताग. मी म्हटलं "तुम्ही रागावलात का" असं मेसेजवर विचारू नको, ती "नाही" म्हणेल आणि तू त्या "नाही" चा कीस पाडत बसशील. तू तक्ता बघून का नाही विचारलंस ते सांग. तर कळलं हिला तक्त्यातली अक्षरंच लागत नव्हती. एफ म्हणजे सकाळ, एस म्हणजे दुपार, एन म्हणजे रात्र, आणि त्याशिवाय तिथल्या वॉर्डाची दोन-तीन जास्तीची अक्षरं. लाजेनं चार महिने विचारलं नाही आणि दर वेळी ड्युटीच विचारत राहिली, मग समोरचीला वाटणारच की हिला कागद बघायचा कंटाळा. दुसऱ्या दिवशी समोरासमोर कागद घेऊन गेली, बाईनं उभ्या उभ्या पाच मिनिटांत सगळी अक्षरं मागच्या बाजूला लिहून दिली.

महिन्याभरानं तिचा मला मेसेज. सुट्टीच्या दिवशी तिनं वॉर्डातलं काहीतरी विचारलं होतं आणि बाईचं उत्तर आलं होतं, "डू हास्ट डॉख फ्राय." पूर्णविरामासकट. खाली पोरीनं मला लिहिलं होतं, "ताई, आज सुट्टी शे ना तुनी, अशी म्हणस ती. मी झोपले परत."