‘दुर्बल’ नियमात दुर्बल काय असतं?

प्रश्न: “‘मोठ्या संख्यांचा दुर्बल नियम’ यात दुर्बल का म्हणतात? आणि ‘नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीकडे जाते’ असं मराठीत लिहिलं तर त्यात चूक काय?”

आधी ‘जाते’ या क्रियापदाबद्दल. गाडी पुण्याकडे जाते म्हणताना एकच गाडी डोळ्यासमोर असते आणि ती दर तासाला पुण्याच्या जवळ येत असते. दुर्बल नियम सरासरीबद्दल असं काही सांगत नाही. त्यात शून्याकडे जाते ती शक्यता: सरासरी ठरावीक अंतराहून दूर असण्याची शक्यता. वाक्याचा कर्ताच वेगळा आहे, आणि हे सिद्धतेत स्पष्ट दिसतं.

एक साधा फासा घ्या. त्याची अपेक्षित किंमत ३.५. सहा बाजूंची तिथपासूनची अंतरं वर्ग करून मांडली तर ६.२५, २.२५, ०.२५, ०.२५, २.२५, ६.२५ मिळतात. त्यांची सरासरी सुमारे २.९२, आणि हेच प्रचरण. (प्रचरण म्हणजे विचलनांच्या वर्गांची सरासरी. नुसतं ‘विचलन’ लिहिलं की घोटाळा होतो.) आता ३.५ पासून किमान २.५ इतकं दूर पडण्याची शक्यता किती? त्यासाठी १ किंवा ६ पडायला हवा, म्हणजे एक तृतीयांश. या दोन बाजूंचा प्रचरणातला वाटा ६.२५ × १/३, सुमारे २.०८. वाटा एकूण रकमेपेक्षा मोठा असू शकत नाही, कारण वर्ग कधी ऋण नसतात. म्हणून अंतराचा वर्ग गुणिले शक्यता ही नेहमी प्रचरणाइतकी किंवा त्याहून कमीच भरते. चेबिशेव यांची असमानता ती एवढीच. (रशियन उच्चार ‘चेबिशोफ’च्या जवळचा आहे, पण मराठीत ‘चेबिशेव’ रुळलं आहे.) १८६७ साली त्यांनी ती मांडली, त्याआधी १८५३ मध्ये फ्रान्सच्या बिएनेमे यांनी.

आता एका फेकीऐवजी n फेकींची सरासरी घेऊ. फेकी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर प्रचरणांची नुसती बेरीज होते, म्हणजे एका फेकीचं प्रचरण σ² असेल तर बेरजेचं प्रचरण nσ². त्या बेरजेला n ने भागलं की प्रचरणाला n² ने भागलं जातं, आणि उरतं σ²/n. शक्यतेला P, n फेकींच्या सरासरीला X̄, अपेक्षित किमतीला μ आणि ठरावीक अंतराला ε म्हणू. σ²/n वरच्या असमानतेत घातलं की

P(|X̄ − μ| ≥ ε) ≤ σ²/(nε²)

ε एकदा ठरवून ठेवा आणि मग n वाढवा. उजवी बाजू शून्याकडे जाते. सिद्धता संपली. स्वातंत्र्य कुठे लागलं ते ध्यानात ठेवा: एकच फेक शंभरदा वहीत उतरवली तर सरासरीचं प्रचरण तिळभरही कमी होत नाही.

१०० फेकी आणि अंतर ०.५ घेतलं तर ही मर्यादा सुमारे ०.११७ येते. खरी शक्यता मात्र हजारात चारच्या आसपास आहे. १० फेकींसाठी मर्यादा १ च्या वर जाते, म्हणजे ती काहीच सांगत नाही. पण ही ढिलाई असमानतेची आहे, नियमाचं नाव तिच्यावरून पडलेलं नाही.

नाव पडलं ते निष्कर्षावरून. नियम प्रत्येक n बद्दल सुटंसुटं बोलतो: हजाराव्या फेकीला सरासरी दूर असण्याची शक्यता कमी, दोन हजाराव्या फेकीला आणखी कमी. एकच माणूस फासे टाकत राहिला तर त्याची सरासरी एका टप्प्यानंतर पुन्हा कधीच ठरावीक अंतराहून दूर जाणार नाही, असं आश्वासन त्यात नाही. वरच्या मर्यादा सगळ्या n साठी बेरीज करून पाहा: १ + १/२ + १/३ + … ही बेरीज अमर्याद वाढते, म्हणून त्या पुढच्या सगळ्या फेकींना एकदम आवर घालू शकत नाहीत. ते आश्वासन देणारा नियम ‘प्रबल’. गाडीचं ‘जाते’ त्याला शोभतं, तेही गाडी मधूनमधून मागे सरकली तर चालेल या अटीवर. म्हणून ‘दुर्बल’ म्हणजे कमी दावा करणारा. मराठीत हा शब्द आजारी माणसाची आठवण करून देतो हे खरं, पण ‘प्रबल’शी जोडी जुळते म्हणून मी तोच ठेवीन.

‘मोठ्या संख्या’ हे मात्र मला खटकतं. इथे मोठी आहे ती फेकींची संख्या, फाशावरचे आकडे नव्हेत. ‘मोठ्या नमुन्याचा नियम’ अधिक नेमकं वाटतं.

एक प्रश्न उरतो: प्रचरण अनंत असेल तर? वरची सिद्धता तिथे थांबते, नियम मात्र थांबेलच असं नाही. फेकी स्वतंत्र आणि एकाच वितरणाच्या असतील तर अपेक्षित किंमत अस्तित्वात असणं पुरेसं आहे, हे खिंचिन यांनी १९२९ मध्ये दाखवलं. कोशी वितरणाला तीही नसते, आणि तिथे लाख निरीक्षणांची सरासरी एका निरीक्षणाइतकीच विखुरलेली राहते.