दहा दिवसांत 2 टक्के सीडी, सीसीतून पैसे उचलून घ्यावी का?

"सर, सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे. होलसेलर म्हणतो दहा दिवसांत पेमेंट केलं तर 2 टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण बिल. बँकेच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे सीसीला, 12 टक्के व्याज पडतं. वडील म्हणतात दोन टक्क्यांसाठी बँकेचे पैसे कशाला उचलायचे. काय करू?"

सीडी घ्या. वडिलांचा हिशोब एका जागी चुकतोय, ते 12 आणि 2 शेजारी ठेवून बघतायत, पण 12 टक्के वर्षाचे आहेत आणि 2 टक्के फक्त वीस दिवसांचे. लाखाच्या बिलाला दहाव्या दिवशी तुम्ही 98,000 देता, तिसाव्या दिवशी 1,00,000, म्हणजे 98,000 वीस दिवस जास्त वापरायचं भाडं 2,000 रुपये. वर्षात असे सव्वाअठरा वेळा वीस दिवस येतात, त्यामुळे हा दर वर्षाला साधारण 37 टक्के होतो, तेही चक्रवाढ न धरता. तेच 98,000 सीसीतून वीस दिवस वापरले तर व्याज साधारण 645 रुपये. बाकीचे साडेतेराशे तुमचे.

आता खरं सांगा, तुम्ही तिसाव्या दिवशी पैसे देता का? बाजारात पंचेचाळीस, साठ दिवस सहज होतात आणि पार्टी काही बोलत नाही, मग जास्तीचे दिवस वीस नाही, पस्तीस किंवा पन्नास होतात आणि दर 21 किंवा 15 टक्क्यांवर येतो. तरी सीसीपेक्षा जास्तच आहे. उधारी बहात्तराव्या दिवसापर्यंत खेचली तर मात्र दोन्हीकडे सारखंच पडतं.

जीएसटी पण बघा. सीडी बहुतेक वेळा मूळ रकमेवर मिळते पण पैसे जीएसटीसकट आधी द्यावे लागतात. 18 टक्के धरला तर 1,18,000 च्या बिलात 2,000 सुटतात, तुम्ही 1,16,000 लवकर देता, दर साडेएकतीसच्या आसपास येतो. वाईट नाही. क्रेडिट नोट जीएसटी न लावता आली तर तुमचं इनपुट क्रेडिट जसंच्या तसं राहतं, जीएसटी लावून आली तर तेवढं उलटवावं लागतं, सीएला दाखवाच.

खरी अडचण व्याजाची नाही, लिमिटची आहे. बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल तो आकडा, काढताना स्टॉकमधून उधारी वजा करते आणि वर मार्जिन कापते, म्हणजे 25 टक्के मार्जिन असेल तर लाखाची उधारी फेडल्यावर ड्रॉइंग पॉवर पाऊण लाखच वाढते, वरचे पंचवीस हजार तुमच्या गल्ल्यातूनच गेले असं समजा. लिमिट आधीच काठोकाठ भरलेली असेल तर सगळ्या बिलांना सीडी घेऊ नका, जो माल लवकर हलतो त्याच्याच बिलांना घ्या.

आणि दहा दिवस बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, हे होलसेलरकडून बिलावरच लिहून घ्या, पैसे नवव्या दिवशी एनईएफटीने टाका. चेक दिलात तर तो भरून वटेपर्यंत अकरावा दिवस उजाडू शकतो आणि पुढच्या बिलात ते 2,000 परत लागून येऊ शकतात.