गोटू तिचे ऐकत का नाही?

“मॅडम, माझी मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. ती दिवसभर गोटू नावाच्या मुलाशी बोलते. लहान मुले मनातले मित्र करतात, हे मी ऐकले आहे. पण हा गोटू तिचे ऐकतच नाही. ती त्याच्यावर चिडते, एकदा तर त्याच्यामुळे रडली. मनातलाच मित्र असेल तर तो तिच्या मनाविरुद्ध कसा वागेल? तिला खरेच कोणी दिसते का?”

या मुलीला मी येथे ईरा म्हणते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. आई-वडील पहिल्यांदा आले ते ईराला न घेता, आणि ते योग्यच होते, कारण मुलीसमोर तिच्या मित्राची चौकशी सुरू केली की ती एक तर गप्प होते किंवा मोठ्यांना हवे ते सांगू लागते.

त्या पहिल्या तासात आम्ही गोटूविषयी फार थोडे बोललो. ईराची झोप, जेवण, बालवाडीतले वागणे, पूर्वी कधी झटके आले होते का, डोक्याला मार लागला होता का, बोलता बोलता ती मध्येच टक लावून हरवल्यासारखी होते का, पूर्वी येत असलेली एखादी गोष्ट आता येईनाशी झाली आहे का, हे सगळे मी विचारून घेतले. काळजी वाटावी असे त्यात काही नव्हते. बालवाडीत तिला दोन मैत्रिणी होत्या आणि तिथे ती गोटूचे नावही काढत नसे. एक बदल मात्र ठळक होता. मे महिन्यात हे कुटुंब नाशिकमधल्या पंचवटीतल्या जुन्या घरातून पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, आणि आजी-आजोबा, चुलत भावंडे, वाड्याचे अंगण हे सगळे मागे राहिले होते. ईरा एकुलती एक आहे. गोटू जूनमध्ये आला. तो पंचवटीतच राहतो आणि सिटीलिंकच्या बसने रोज एकटा येतो, असे ईरा सांगत असे.

दुसऱ्या भेटीत ईरा आणि मी सतरंजीवर बसून मातीचे लाडू वळत होतो. गोटूही आला असल्याचे तिने सांगितले, तेव्हा मी त्याला बसायला जागा विचारली. तिने खिडकीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “तो तिथेच उभा राहणार. सांगितलं तरी बसत नाही.” हाच तो हट्टीपणा, ज्याने आईची झोप उडाली होती. थोड्या वेळाने मी गोटूला एक लाडू देऊ केला, तेव्हा ईराने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले आणि हळूच म्हणाली, “मावशी, तो खोटा खोटा आहे बरं का. तुम्हाला माहितीये ना?”

हे वाक्य मी अनेक मुलांकडून ऐकले आहे. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी काल्पनिक मित्रांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यांनाही मुलाखतींत असाच अनुभव वारंवार आला. मोठा माणूस आपल्या मित्राविषयी फारच गांभीर्याने प्रश्न विचारू लागला की मूलच त्याला सांगते की हे खेळातले आहे. खरे आणि खेळातले यांतली सीमा मुलाला ठाऊक असते. आपण ती ओलांडली की काय, अशी शंका त्याला आपल्याबद्दल येते.

मग गोटू ऐकत का नाही? टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याही गोष्टीची नोंद केली आहे. काल्पनिक मित्र आज्ञाधारक असतील, अशी मोठ्यांची अपेक्षा असते, पण कित्येक मुले सांगतात की त्यांचा मित्र हवा तेव्हा येत नाही, खेळणी वाटून घेत नाही, वाद घालतो. कथा-कादंबऱ्या लिहिणारेही सांगतात की पात्रे एका टप्प्यानंतर त्यांचे ऐकत नाहीत. मनात एखाद्या व्यक्तीचा स्वभाव पुरेसा पक्का झाला की ती व्यक्ती काय करेल हे ठरवावे लागत नाही, ते आपोआप सुचते, आणि आपोआप सुचलेले आपण केले असे वाटत नाही. मोठ्या लेखकाच्या बाबतीत हे आपण कौतुकाने ऐकतो आणि पावणेपाच वर्षांच्या मुलीच्या बाबतीत घाबरतो.

या हट्टी मित्राचे विकासात काम काय, हे समजून घेण्यासाठी मी ईराबरोबर एक जुनी, साधी चाचणी केली. बिस्किटांच्या पुड्यात मी पेन्सिलचे तुकडे भरून ठेवले होते. आत काय असेल असे विचारल्यावर ती “बिस्किटं” म्हणाली, आणि उघडून पाहिल्यावर हसली. पुडा पुन्हा बंद करून मी विचारले, “गोटूने आत पाहिलेलं नाही. त्याला काय वाटेल?” ती लगेच म्हणाली, “बिस्किटंच वाटतील. त्याला सांगू नका, मजा येईल.” तीन वर्षांची बहुतेक मुले येथे “पेन्सिली” म्हणतात, कारण आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसेल, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. चार ते पाच वर्षांच्या दरम्यान ही समज येते. दुसऱ्याचे मन आपल्या मनाहून वेगळे असते, त्याला वेगळे ठाऊक असते आणि वेगळे हवे असते, हे कळणे म्हणजे भांडण मिटवणे, गुपित राखणे, गोष्ट सांगणे, चिडवणे या सगळ्यांचा पाया आहे. गोटू जर ईराचे प्रत्येक वेळी ऐकत असता, तर तो तिचाच दुसरा हात झाला असता. तो ऐकत नाही म्हणून ईराला त्याला समजवावे लागते, त्याच्या बाजूने विचार करावा लागतो, कधी माघार घ्यावी लागते.

येथे एक मर्यादा सांगणे मला आवश्यक वाटते. टेलर आणि स्टेफनी कार्लसन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कल्पनेच्या खेळात रमणारी चार वर्षांची मुले अशा चाचण्यांत सरस ठरली होती, परंतु नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तो फरक तितका ठळक आढळला नाही. शिवाय मित्रामुळे समज वाढते की समज असलेली मुले असा मित्र निर्माण करतात, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून गोटू आहे म्हणजे ईरा विशेष हुशार, किंवा शेजारच्या मुलाला असा मित्र नाही म्हणजे त्याच्यात काही उणे, असा अर्थ कोणी काढू नये.

रडण्याचा उलगडा मातीकामाच्या पुढच्या भेटीत झाला. जुलैत गोदावरीला पूर आला तेव्हा आजोबा ईराला घाटाच्या बाजूला घेऊन गेले होते. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठल्या अंगापर्यंत पाणी चढले, हे पाहायला अर्धे नाशिक जाते, तसेच तेही गेले. ईरा त्या वेळी काही बोलली नव्हती. मात्र आता तिने मातीचा मारुती केला, त्याच्या कमरेशी निळा कागद लावला आणि मला सांगितले की गोटू पाण्याजवळ जातो, कितीही ओरडले तरी मागे येत नाही, आणि त्याला रात्री भीती वाटते. मी विचारले, “मग तू काय करतेस?” ती म्हणाली, “मी त्याला सांगते की मारुती बुडत नाही. पाणी खाली जातं.” हे वाक्य आजोबांचे होते. तिला सांगितले गेलेले आश्वासन तिने गोटूला सांगून स्वतःसाठी पक्के केले होते. भिणारा मित्र समोर असला की मूल धीर देणाऱ्याच्या जागी उभे राहू शकते.

घरातली मोठी अडचण आजींची होती. ‘बाहेरचे’ काही असेल, या शंकेने त्या ईराला उतारा करणाऱ्याकडे नेण्याच्या विचारात होत्या. आपल्याकडे अशा मुलांची चर्चा कमी होते, त्याचे हे एक कारण असावे असे मला वाटते. कोणी गतजन्माची आठवण म्हणते, कोणी दृष्ट काढते, आणि मूल मित्राला लपवू लागते. मी आजींना भेटायला बोलावले आणि त्यांच्या भातुकलीविषयी विचारले. त्यांच्याकडे लाकडी ठकी होती. “ती जेवायचीच नाही हो ताई,” त्या सांगू लागल्या, “मी कितीदा भरवायची, तोंड मिटून बसायची मेली.” मग त्या स्वतःच थांबल्या. संशोधकही ठकीसारख्या, मुलाने स्वभाव बहाल केलेल्या बाहुल्यांना काल्पनिक सोबत्यांतच धरतात. तशा धरल्या, तर टेलर यांच्या २००४ च्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. आजींना मात्र त्या आकड्यापेक्षा ठकी पुरेशी झाली.

आई-वडिलांना मी थोडेच सांगितले. गोटूला नाकारू नये आणि त्याला स्वतःहून पुढेही करू नये. ईराने त्याच्यासाठी ताट मागितले तर खेळातले ताट द्यावे. पाणी सांडून “गोटूने सांडलं” म्हणाली तर खोटे बोलल्याचा खटला न भरता “दोघे मिळून पुसा” म्हणावे. वडिलांनी याआधीच एक चूक केली होती, आणि ती त्यांनी मोकळेपणाने सांगितली. “बघ, गोटूने कारल्याची भाजी खाल्ली,” असे म्हणून त्यांनी तिला भरवायचा प्रयत्न केला होता. त्यावर तिने “गोटू आज आलाच नाही” असे जाहीर केले आणि तीन दिवस तो घरात फिरकला नाही. मित्र तिचा आहे आणि त्याच्या तोंडी शब्द घालण्याचा हक्क तिचाच आहे, हे तिने याहून स्पष्ट कसे सांगावे?

हट्टी मित्र आणि खरोखर काळजीचे लक्षण यांतला फरक कसा ओळखावा, हा आईच्या प्रश्नाचा गाभा होता. गोटू खेळात ऐकत नाही, पण खेळ ईराच्या हातात असतो. गरम पोळी ताटात आली की ती गोटूला सोडून येते, बालवाडीत त्याला नेत नाही, आणि वडिलांनी ढवळाढवळ केली तेव्हा तिने त्याला तीन दिवस दूर ठेवले. याउलट मूल ज्याला थांबवू शकत नाही, ज्याला घाबरून कान झाकते, जो स्वतःला किंवा इतरांना इजा करायला सांगतो, तो सोबती खेळातला समजू नये. ताप किंवा हरवल्यासारखे होण्याबरोबर काही दिसत असेल, सगळ्या खऱ्या सोबत्यांना मूल टाळू लागले असेल, किंवा मित्राच्या तोंडून वारंवार मारहाणीच्या वा शरीराला स्पर्श करण्याच्या गोष्टी येत असतील, तर थांबू नये. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ आणि बालमानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे मुलाला लगेच न्यावे. ईराच्या बाबतीत यांतले काहीही नव्हते, म्हणून तीन भेटींनंतर मी तिला पुन्हा बोलावले नाही.

जानेवारीत आईचा फोन आला. खालच्या मजल्यावर ईराच्या वयाची एक मुलगी राहायला आली होती आणि गोटूचे येणे रविवारवर आले होते. आईने सहज विचारले तेव्हा ईरा चित्र रंगवता रंगवता म्हणाली, “त्याला आता शाळा असते.”