‘चालेल ना?’ म्हणणं आधी थांबव

तुझं पत्र दोनदा वाचलं. सव्वादोन वर्षांचा तो मुलगा ‘पाणी हवं?’ विचारल्यावर ‘नाही’ म्हणतो आणि म्हणता म्हणता पेल्यासाठी हात पुढे करतो. तू पेला मागे घेतलास तर रडला, दिलास तर घटाघटा प्यायला. आणि तू रात्रभर जागलीस, की आपण त्याला आवडत नाही, की हे काम आपल्याला जमणारं नाही, की तो मुद्दाम करतो. यातलं काही नाही गं. त्याला पाणी हवं का, हे तू विचारायलाच नको होतंस. पेला त्याला दिसेल असा ठेवायचा, ‘हे तुझं पाणी’ म्हणायचं आणि गप्प राहायचं.

दोन वर्षांच्या मुलांच्या गटात मी सव्वीस वर्षं काढली. या कामातल्या बऱ्याच बाबतींत माझं मत बदलत गेलं, एका बाबतीत नाही. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर तुला चालणार नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळू नकोस.

तू लिहितेस, ‘तो सगळ्यालाच नाही म्हणतो.’ तसं नसतं, नीट बघ. उद्या चेंडूकडे बोट दाखवून विचार, ‘हा चेंडू आहे का?’ बहुतेक ‘हो’ येईल. लगेच विचार, ‘चेंडू आत ठेवूया का?’ ‘नाही!’ मूल तेच, चेंडू तोच, मध्ये मिनिटही गेलं नाही. फ्रिट्झली आणि ली या दोघांनी 2003 साली लहान मुलांना वस्तूंविषयी हो-नाहीचे प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा दोन वर्षांची मुलं ‘हो’कडेच झुकलेली दिसली, बरोबर उत्तर ‘नाही’ असतानासुद्धा, आणि प्रश्न समजण्यासारखा नसतानासुद्धा. म्हणजे ‘नाही’ ही त्यांच्या जिभेला लागलेली सवय नाही. जगाबद्दल विचारलं की मूल सहज मान डोलावतं. त्याच्याकडून काही करून घ्यायचं असतं, तेव्हा ते ‘नाही’ म्हणतं. आपण प्रश्नाच्या रूपात हुकूम सोडतो आणि ते हुकमाला उत्तर देतं. आपल्यापेक्षा त्यालाच आपलं बोलणं नीट कळलेलं असतं.

आपल्या बोलण्यात तर हे इतकं मुरलंय की कानाला जाणवतही नाही. ‘हात धुवायचे ना?’ ‘आता निघूया, हं?’ ‘बाळ, खाली बसतोस का?’ ‘चालेल ना?’ हे ‘ना’, ‘हं’, ‘का’ आपण गोडव्यासाठी लावतो. मोठ्या माणसाला त्यातला इशारा कळतो. दोन वर्षांच्या मुलाला मात्र तिथे एक मोकळी जागा दिसते, जिथे आपलं मत सांगायला बोलावलंय. ते सांगतं, आणि मग आपण रागावतो. विचारायचं आणि उत्तर आलं की ते खोडून काढायचं, यात लबाडी आपली आहे, त्याची नाही.

आता हे याच वयात का होतं ते सांगते, कारण तुझा ‘मुद्दाम करतो’ हा शब्द मला खटकला. मुलाच्या नाकाला नकळत रंगाचा ठिपका लावून त्याला आरशासमोर उभं केलं, तर साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान ते आरशाकडे हात न नेता स्वतःच्या नाकाला हात लावू लागतं. आरशातलं ते मूल म्हणजे मी, हे तेव्हा उमगतं. त्याच सुमारास ‘माझं’ येतं, ‘मी करणार’ येतं. पण मला काय हवंय हे ठरवायला वेळ लागतो आणि सांगायला शब्द लागतात. दुसऱ्याने सुचवलेलं मागे सारायला मात्र एकच शब्द पुरतो, आणि चालायला लागल्यापासून तो त्याने आपल्याच तोंडून दिवसभर ऐकलेला असतो. आपण काय आहोत हे अजून सांगता येत नाही, तोवर तुझ्यापेक्षा वेगळे आहोत एवढं तरी त्याला सांगता येतं.

त्यात आणखी एक गुंता आहे. मराठीत आपल्याकडे ‘नको’ वेगळं, ‘नाही’ वेगळं, ‘संपलं’ वेगळं. दोन वर्षांचं मूल हे सगळं एकाच ‘नाही’त कोंबतं. ‘आत्ता नको’, ‘तू नको, मी’, ‘हा पेला नको, तो’, ‘थांब, मला अजून कळलं नाही’, सगळ्याला ‘नाही’. तुझ्या त्या मुलाचं पाण्याचं ‘नाही’ हे यातलं शेवटचं होतं असं मला वाटतं. तो ठोकळ्यात गुंतला होता, तू मध्येच बोललीस, त्याने आधी तुझं बोलणं थोपवलं आणि मग त्याला तहान आठवली. हात पुढे आला तो नंतर. तू दोन सेकंद थांबली असतीस तर रडणं झालंच नसतं.

मी हे शहाणपण घेऊन जन्मले नव्हते. पहिल्या वर्षी माझ्या गटात एक मुलगी होती, दोन वर्षं आणि एक महिन्याची. निघायच्या वेळी मी तिला विचारलं, ‘घरी जायचं ना?’ ती म्हणाली, ‘नाही.’ मी म्हणाले, ‘नाही काय? चल,’ आणि तिला उचललं. तिचं अंग फळीसारखं ताठ झालेलं मला अजून आठवतं. एका पायात बूट होता, दुसरा तिने मुठीत घट्ट धरला होता. तो ती स्वतः घालायच्या बेतात होती, हे मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दारातून आत आले, अजून एक शब्दही बोलले नव्हते, आणि तिने माझ्याकडे बघून ‘नाही’ म्हटलं. पुढे कित्येक दिवस ती मला तेच म्हणत राहिली. माझ्या स्वतःच्या मुलाशीही मी असंच वागले होते आणि तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं. तुला मी सांगतेय, म्हणून ऐक.

बुटांचंच घेऊ, कारण तुझी सगळ्यात मोठी ओढाताण तिथेच चालली आहे. मुलाच्या बाजूने बघ. त्याला दोन कामं एकदम सांगितली जातात: हातातलं थांबव आणि दुसरं, न आवडणारं, सुरू कर. या वयात ‘हात लावू नको’ हे पाळणं त्यामानाने सोपं जातं. ‘हे आवर’, ‘हे घाल’ असं काम सुरू करून शेवटापर्यंत नेणं फार अवघड जातं. म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हाका मारू नकोस. जवळ जा, खाली बस, तो काय करतोय ते मिनिटभर बघ. मग सांग, ‘हा ठोकळा लावून झाला की बूट.’ विचारायचं नाही, सांगायचं. आणि मनात दहा आकडे मोज. आपण सगळे चौथ्या आकड्यालाच तेच वाक्य पुन्हा म्हणतो, म्हणजे त्याने जुळवत आणलेलं उधळून लावतो. दहा झाले की दोन्ही बूट दोन हातांत त्याच्यासमोर धर आणि मग खुशाल विचार, ‘आधी कुठला?’ हा प्रश्न खरा आहे. कुठलाही आला तरी तुला चालणार आहे.

बूट हातात धरून दाखव म्हणते, त्याला कारण आहे. ‘मुलांना दोन पर्याय द्या’ हा सल्ला तुला जो तो देईल. पण नुसते तोंडी दिलेले दोन पर्याय या वयात फसतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 21 ते 27 महिन्यांच्या मुलांना ‘हे की ते?’ असे प्रश्न विचारले, तेव्हा साधारण 85 टक्के वेळा त्यांनी दुसरा, म्हणजे शेवटी ऐकलेला पर्याय सांगितला. पहिला त्यांच्या ध्यानात टिकलेलाच नसतो. मग तुला वाटतं त्याने निवडलं, तू ते देतेस, आणि तो ‘नाही!’ म्हणून फेकतो. वस्तू डोळ्यांसमोर असल्या की शेवटच्या शब्दाची ही ओढ कमी होते. म्हणून दाखव.

आणि तरीही ‘नाही’ आलं तर? येईलच. मग वाद घालू नकोस, कारणांची माळ लावू नकोस, पुन्हा विचारू तर मुळीच नकोस. ‘तुला निघायचं नाहीये. आपण निघतोय. मी घालते बूट,’ एवढंच, हळू आवाजात, आणि घाल. रडला तर रडू दे, जवळ बस. त्याचं म्हणणं तू ऐकलंस आणि तरी निघावं लागलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे त्याला कळायला तुझी खूप मदत लागणार आहे.

मला वर्षानुवर्षं ऐकावं लागलं की मी मुलांना डोक्यावर चढवते. एका सहकारी बाईंनी तर पालकांसमोर म्हटलं. मी तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही. मी उलट जास्त ठाम होते. मी विचारतच नव्हते, सांगत होते. साधा नकार आणि उद्धटपणा यांतला फरकच त्यांना दिसत नव्हता. सुझन क्रॉकनबर्ग आणि सिंडी लिटमन यांनी 1990 मध्ये दोन वर्षांच्या मुलांचा आणि आयांचा अभ्यास करताना हा फरक मुद्दाम वेगळा काढला: ‘नाही, मला खेळायचंय’ हा एक प्रकार, आणि सांगितल्याच्या बरोबर उलट करून चिडून अंगावर येणं हा दुसरा. जिथे धमकी, राग आणि ओढाताण होती तिथे दुसरा प्रकार जास्त दिसला. जिथे स्पष्ट सांगणं आणि समजावणं दोन्ही होतं, तिथे मुलं जास्त ऐकत होती. म्हणजे ज्या अडेलतट्टूपणाची आपल्याला भीती वाटते, तो बऱ्याचदा आपल्या ओढण्यातूनच वाढतो. त्या मुलीच्या ताठ अंगाने मला हे आधीच शिकवलं होतं.

‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाची काळजी करू नकोस. दोन वर्षांचं मूल काही दाखवायला बोट करत नसेल, नावाने हाक मारली तरी वळत नसेल, येत असलेले शब्द हरवले असतील, तर मात्र पालकांशी बोल आणि डॉक्टरांना दाखवायला सांग. ती वेगळी गोष्ट आहे. तिला हट्ट समजून आठवडे घालवू नकोस.

उद्या एक कर. खिशात कागद ठेव आणि सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात त्या मुलाशी बोललेलं प्रत्येक वाक्य ‘ना’, ‘का’, ‘हं’ने संपलं की एक रेघ मार. मग त्या रेघांतले किती प्रश्न तू खरोखर विचारत होतीस, ‘नाही’ आलं असतं तर किती ठिकाणी मुकाट्याने मान्य केलं असतंस, तेवढ्यांभोवती गोल कर. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या कागदावर एकही गोल नव्हता. तुझा कागद मला पाठव. आणि पाण्याचा पेला त्याच्या ठोकळ्यांशेजारी ठेवून तू काहीच बोलली नाहीस तेव्हा त्याने काय केलं, तेही लिही.