जर्सी एल, शॉर्ट एम, आणि सेट घेऊच नका

प्रश्न: माझी छाती ४०, कंबर ३४, इनसीम २९ इंच. सायकलिंग जर्सी आणि पॅडवाल्या शॉर्टचा सेट ऑनलाइन घेतोय. एम की एल? अंगाबरोबर हवी, पण आवळायला नको. घरचे म्हणतात, एक साइज मोठीच घे.

घरचे म्हणतात ना, मग आधी माझ्या दादाची गोष्ट ऐका.

आमच्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचे. पहिलं वर्ष खांदे कोपरापर्यंत, तिसऱ्या वर्षी कुठे मापात. मी त्रेचाळिसाव्या वर्षी सायकल घेतली तेव्हा दादानं त्याच हिशोबानं एक्सएलचा सेट आणला. म्हणाला, धुतल्यावर आटेल. अरे बाबा, ते मांजरपाट आहे का? लायक्रा आटत नाही, वापरून वापरून सैलच होते.

तो सेट घालून मी पुणे-सातारा रस्त्यावरची २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, केली. साडेतेरा तासांची मुदत असते. खंबाटकी चढेपर्यंत सगळं ठीक वाटत होतं. मग पॅडची एक कड आत दुमडली. सैल शॉर्टमध्ये पॅड अंगाला धरून राहत नाही. तुम्ही हलता एकीकडे, ते सरकतं दुसरीकडे, आणि मधली कातडी घासते. शॉर्टचे पाय वर चढत होते, दर दहा मिनिटांनी मी ते खाली ओढत होतो. जर्सीच्या मागच्या खिशात दोन केळी, पंप आणि फोन. खिसे कमरेवरून घसरून झोळीसारखे कधी डावीकडे, कधी उजवीकडे. तेरा तास दहा मिनिटांत पोचलो, पण जांघा सोलवटलेल्या. चार दिवस ऑफिसात खुर्चीच्या काठावर बसलो.

दादाचं निदान: सीट खराब. म्हणून मी जेलचं कव्हर घेतलं. काही फरक नाही. शेवटी एका दुकानातल्या पोरानं मला सायकलवर बसवलं, हात हँडलवर ठेवायला लावले आणि मांडीवरचं कापड चिमटीत धरलं. मूठभर हातात आलं. म्हणाला, काका, ही शॉर्ट तुमची नाहीच.

परीक्षा हीच, आणि ती वाकलेल्या स्थितीत करायची. आरशासमोर ताठ उभं राहिलात तर बरोबर मापाची जर्सीसुद्धा पुढून आखूड आणि छातीत आवळ वाटते. ती पुढून आखूड आणि मागून लांब मुद्दामच शिवतात. वाकल्यावर पोटाशी चुण्या नकोत, पाठ उघडी पडायला नको, आणि चेन गळ्यापर्यंत लावून दीर्घ श्वास पूर्ण घेता आला पाहिजे. शॉर्टची पट्टी मांडीवर हलका वळ उठवते, ते चालेल. तासाभरानंतरही खोल खाच राहिली किंवा मांस पट्टीवरून बाहेर आलं, तर लहान झाली.

तुमच्या मापाला सेट जमणार नाही. छाती ४० म्हणजे बऱ्याच चार्टवर जर्सी एल, आणि कंबर ३४ म्हणजे शॉर्ट एम. दोन्ही वेगवेगळ्या घ्या. पण ते ३४ जीन्सच्या लेबलवरचं असेल तर खोडून टाका. टेप बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता धरा. माझी जीन्स ३२ ची आणि टेपवर ३४ भरले. छाती काखेखालून, सगळ्यात भरलेल्या जागी, टेप पाठीवर आडवा सरळ ठेवून.

इनसीमचं म्हणाल तर तुमचे २९ इंच जांघेपासून जमिनीपर्यंतचे, आणि चार्टवरचे ८-९ इंच म्हणजे शॉर्टच्या पायाची शिवण. त्यांची तुलना करू नका. २९ ला ८-९ इंची शॉर्ट गुडघ्याच्या बरीच वर थांबेल, तेवढंच हवं. काही विक्रेते अंगाचं माप न देता आडव्या ठेवलेल्या कपड्याचं देतात. तिथं कमर १४ इंच दिसली की लोक घाबरून दोन साइज वर जातात. १४ दुणे २८, ताणल्यावर ३४ ला बसते.

एक राहिलंच. युरोपियन रेसिंग कट असेल तर तोच एल आपल्याकडच्या एमसारखा निघू शकतो, तेव्हा अक्षर न बघता इंच बघा. पोट सुटलेलं असेल तर वाकल्यावर इलॅस्टिक रुततं. त्याला मोठी साइज हा उपाय नव्हे, खांद्यावर पट्टे असलेली बिब घ्या. आणि बसल्यावर मुंग्या येत असतील तर मात्र सीटही तपासा. हे दादाला सांगू नका.

हो, आत अंडरवेअर घालायची नाही. मी त्या दिवशी घातली होती. पण म्हणून दादा बरोबर ठरत नाही.

ती एक्सएल अजून कपाटात आहे. परवा सहज दादाची कंबर मोजली. ३८.