केमिस्ट्री एकच पुस्तक, पण तीन तऱ्हांनी अभ्यास

"मॅडम, केमिस्ट्रीला मी रोज दोन तास देते. धडा वाचते, अंडरलाइन करते, परत वाचते. वाचताना सगळं येतं आणि पेपरात काहीच सुचत नाही. सीईटीच्या सराव पेपरात पन्नासपैकी तेवीस आले. अजून किती वेळ वाढवू?"

भांडुपहून दादरला क्लासला येणारी ही बारावीची मुलगी क्लास सुटल्यावर माझ्याकडे आली होती. वेळ वाढवायचा विषय मी बाजूला ठेवला आणि तिचा तपासलेला पेपर मागितला. चुकलेले सत्तावीस प्रश्न आम्ही कागदावर तीन रकान्यांत मांडले. फिजिकलचे दहा, ऑरगॅनिकचे नऊ, इनऑरगॅनिकचे आठ. आकडे पाहून ती म्हणाली, "म्हणजे सगळंच सारखं कच्चं आहे." मला मात्र आकड्यांपेक्षा प्रत्येक प्रश्न कसा चुकला ते पाहायचं होतं, म्हणून एकेक प्रश्न तिच्याकडून कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवून घेतला.

पहिला प्रश्न सोल्युशन्समधला. ५.८५ ग्रॅम मीठ ५०० ग्रॅम पाण्यात विरघळवलं, तर गोठणबिंदू किती खाली येईल? पाण्याचा Kf १.८६. तिने सूत्र क्षणात लिहिलं. ५.८५ भागिले ५८.५ म्हणजे ०.१ मोल, पाणी अर्धा किलो, म्हणून मोलॅलिटी ०.२. मग १.८६ गुणिले ०.२ करून तिने ०.३७२ उत्तर काढलं. हे उत्तर पर्यायांत होतंच, त्यामुळे शंका यायला जागाच राहिली नाही. पण मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, म्हणून i इथे २ धरायचा आणि उत्तर ०.७४४. "अहो, हे मला येतं!" ती कळवळून म्हणाली. खरंच येत होतं. वहीत याच नमुन्याचं सोडवलेलं उदाहरण पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं होतं. ते तिने चार वेळा वाचलं होतं, हाताने एकदाही सोडवलं नव्हतं.

दहापैकी सात चुका याच जातीच्या निघाल्या. सूत्र बरोबर, पण कुठे i राहिला, कुठे ज्यूलचे किलोज्यूल केले नाहीत, कुठे लॉगमध्ये घोटाळा झाला. अशा चुका वाचनाने जात नाहीत, कारण वाचताना त्या घडतच नाहीत. म्हणून फिजिकलसाठी तिला सांगितलं की पुस्तकातले पहिले सहा धडे आता वाचायचे नाहीत. रोज सकाळी डोकं ताजं असताना उत्तर झाकून आठ गणितं सोडवायची, शेवटच्या आकड्यापर्यंत. कॅल्क्युलेटर नाही, कारण सीईटीत तो मिळत नाही. log 2 म्हणजे ०.३० आणि log 3 म्हणजे ०.४८ एवढं पाठ ठेवलं की बरीचशी गणितं हाताने सुटतात. चुकलं की वहीच्या मागच्या पानावर एकच ओळ लिहायची, पाय कुठे घसरला ती. तीच ओळ तिसऱ्यांदा लिहावी लागली, तर त्या दिवशी नवीन गणित न घेता त्याच जातीची पाच सोडवायची.

ऑरगॅनिकची गोष्ट निराळी होती. अनिलिनचं नायट्रेशन केलं तर काय मिळतं, या प्रश्नाला तिने मेटाचा पर्याय बेधडक खोडला होता, कारण "NH2 ऑर्थो-पॅरा डायरेक्टिंग" ही ओळ तिला पाठ होती. प्रत्यक्षात पॅरा साधारण ५१ टक्के मिळत असला, तरी मेटाही ४७ टक्के मिळतो. का, असं विचारल्यावर ती गप्प झाली. मी तिला नायट्रोजनवरची लोन पेअर काढायला सांगितली आणि विचारलं, "भोवती इतकं तीव्र आम्ल आहे, मग ही जोडी मोकळी राहील का?" तिने थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि स्वतःच H+ जोडून अनिलिनियम आयन काढला. आता नायट्रोजनवर धन प्रभार आला, तो रिंगला इलेक्ट्रॉन देईना, म्हणून मेटा. मग पुढचं तिने न विचारता सांगितलं. आधी अ‍ॅसिटिलेशन करून ती जोडी अडकवून ठेवली की पॅरा मुख्य मिळतो, आणि शेवटी हायड्रोलिसिसने NH2 परत येतो. पुस्तकात या दोन वेगळ्या रिअ‍ॅक्शन्स म्हणून तिने दोनदा पाठ केल्या होत्या.

ऑरगॅनिकला म्हणूनच तुकड्यातुकड्यांचा वेळ पुरत नाही, सलग बैठक लागते. आठवड्यातून तीनदा दीड तास ठरला. कोऱ्या कागदाच्या मध्यभागी एक संयुग लिहायचं, त्याच्यापासून काय काय बनतं ते बाणांनी काढायचं, बाणावर रिएजंट लिहायचा आणि मगच पुस्तक उघडून ताडून पाहायचं. दुसऱ्या दिवशी तोच नकाशा उलटा, म्हणजे शेवटच्या पदार्थापासून मागे. उलटं जाताना जिथे अडेल, तिथे पाठांतर आहे आणि कारण कळलेलं नाही, हे ओळखावं.

इनऑरगॅनिकमध्ये तिचं वाचन वाया गेलं होतं ते रविवारी तीन तास बसून सातवा-आठवा धडा एकदम उरकल्यामुळे. पुढच्या रविवारपर्यंत सगळं पुसलं जायचं. या भागाला थोडं थोडं पण वरचेवर लागतं. भांडुप ते दादर लोकलचा अर्धा तास तिच्याकडे होताच. त्यासाठी हातात मावतील अशा चिठ्ठ्या करायला सांगितल्या, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. आज केलेली चिठ्ठी उद्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. मागची बाजू पाहण्याआधी उत्तर मनात म्हणायचंच.

पण नुसते क्रम चिठ्ठीवर लिहिले की चिठ्ठ्यांचा ढीग होतो. तिच्याकडे तीन वेगळ्या चिठ्ठ्या होत्या. फ्लोरिनपेक्षा क्लोरिनची इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी जास्त ऋण, ऑक्सिजनपेक्षा सल्फरची जास्त ऋण, आणि F2 मधला बंध Cl2 पेक्षा दुबळा. तिन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. दुसऱ्या आवर्तनातला अणू फार लहान, त्यामुळे इलेक्ट्रॉन दाटीवाटीत एकमेकांना ढकलतात. आम्ही तिन्ही फाडून एकच चिठ्ठी केली. अपवाद लिहायचा तो कारणासकट.

एक गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते, ती तिलाही सांगितली. ही वाटणी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेबरहुकूम करू नये. कोऑर्डिनेशन कंपाउंड्स हा धडा इनऑरगॅनिकचा, पण [NiCl4]2- चुंबकाकडे ओढलं जातं आणि [Ni(CN)4]2- का नाही, हे d इलेक्ट्रॉन मांडूनच कळतं. तो धडा तिने सकाळच्या गणितांत घेतला. उलट ऑरगॅनिकमधली नेम्ड रिअ‍ॅक्शन्सची नावं आणि पॉलिमरचे मोनोमर लोकलच्या चिठ्ठ्यांत गेले.

एकूण वेळ दोन तासांच्या आसपासच राहिला. फिजिकलच्या चुका दोन आठवड्यांत निम्म्या झाल्या, चिठ्ठ्यांचा परिणाम तिसऱ्या आठवड्यात दिसला. ऑरगॅनिक सावकाश चढलं, महिनाभर तिथे गुण जवळपास हललेच नाहीत आणि ती पुन्हा वाचनाकडे वळायला लागली होती. तेव्हा मी तिला पहिला आणि चौथा नकाशा शेजारी ठेवायला सांगितलं. पहिल्यावर सहा बाण होते, चौथ्यावर एकोणीस. सहाव्या आठवड्यातल्या पेपरात तिला छत्तीस मिळाले. उरलेल्या चौदांपैकी पाच चुका थर्मोडायनॅमिक्समधल्या कामाच्या चिन्हाच्या आहेत, वायू प्रसरण पावला की w ऋण घ्यायचा की धन. मागच्या पानावर ती ओळ तिने तिसऱ्यांदा लिहिली आहे, त्यामुळे उद्या सकाळी तिच्यासाठी त्याच जातीची पाच गणितं काढून ठेवली आहेत.